फ्लॅटमधला छोटा होम : यजमान नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली बावीस वर्षं मी पुण्यात पौरोहित्य करतो. सुरुवातीला वास्तुशांत म्हटलं की वाडा, बंगला, निदान अंगण तरी असायचं. आता दहापैकी नऊ यजमान फ्लॅटमधले असतात आणि त्यातले बरेच दहाव्या मजल्याच्या वर राहतात. मुहूर्त ठरला की त्यांचे फोन येतात आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. डोळ्यांसमोर वास्तुशांत आहे, पण ग्रहमख, गणेशयाग किंवा वाढदिवसाची शांत असली तरी आगीचं गणित बदलत नाही.

फ्लॅटमध्ये होम करता येतो का? सोसायटीला कळवावं लागतं का?

करता येतो, छोटा केला तर. छोटा म्हणजे किती, याचा अंदाज देतो. दीड किलो लाकूड आणि पाव किलो तूप तासाभरात जळलं, तर गॅसचे तीन-चार बर्नर तासभर पूर्ण मोठे ठेवल्याएवढी उष्णता निघते. एवढं हवेशीर हॉलला झेपतं. याच्या दुप्पट झालं की भिंती तापतात, धूर छताखाली साचतो आणि मंडळी एकेक करून बाल्कनीत जायला लागतात.

सोसायटीला जरूर कळवा. परवानगीपेक्षा डिटेक्टरचा प्रश्न मोठा आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. वरच्या आणि शेजारच्या घरालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्यांच्या खिडकीत धूर शिरणार असतो, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

कुंड केवढं असावं?

बारा इंची पुरतं. बाजारात त्याहून मोठी, पायऱ्यापायऱ्यांची तांब्याची कुंडं मिळतात आणि यजमानांना ती आवडतात. पण कुंड मोठं असलं की ते भरावंसं वाटतं, आणि लाकूड तिथेच वाढतं. विटांचं स्थंडिल करायचं असेल तर आतला चौकोन हातभर नको, वीत-दीड वीत ठेवा.

खालची फरशी तडकू नये म्हणून काय करायचं?

व्हिट्रिफाइड टाइलला उष्णतेपेक्षा एकाच ठिकाणी बसलेल्या उष्णतेचा त्रास होतो. एक टाइल मधोमध तापते, कडेची गार राहते आणि मधेच रेघ जाते. म्हणून आधी जाड पत्रा किंवा मोठी परात ठेवा, तिच्यावर विटांचा एक थर आणि त्यावर दोन इंच कोरडी वाळू. कुंडाला पाय असतील तर उत्तमच, कारण खालून हवा खेळते. विटा आणि वाळू आठवडाभर उन्हात ठेवलेली हवी. बांधकामावरून आदल्या संध्याकाळी आणलेल्या ओल्या विटा तापल्या की वाफ सोडतात, आणि कधी कधी त्यांचा कपचा उडतो.

लाकडी दिसणारी लॅमिनेट किंवा व्हिनाइलची जमीन असेल तर तिच्यावर होम करूच नका. खाली काहीही घातलं तरी ठिणगी बाजूला पडतेच आणि डाग कायमचा राहतो. सुकी बाल्कनी किंवा फरशीची दुसरी खोली शोधा.

कुंड हॉलमध्ये नेमकं कुठे ठेवायचं?

हॉलच्या मधोमध ठेवावंसं वाटतं, कारण सगळ्यांना दिसतं. पण बहुतेक हॉलमध्ये मधोमध पंखा असतो. ज्वाळेवरून गरम हवेचा खांब सरळ छताकडे जातो. त्याच्या वाटेत पंखा, झुंबर, पीओपीतले दिवे, स्प्रिंकलर किंवा डिटेक्टर येता कामा नये. म्हणून आधी मान वर करा आणि मग जागा ठरवा.

चारी बाजूंना तीन फूट मोकळे हवेत. पडदे बाजूला सरकवून भागत नाही, ते काढूनच ठेवा. थर्माकोलची मखर, प्लास्टिकची फुलं, सुकलेलं आंब्याचं तोरण यांपैकी काहीही ज्वाळेच्या आसपास नको. थर्माकोल नुसता जळत नाही, पेटतच वितळतो आणि थेंब थेंब खाली पडतो.

दिशेचं काय, असं विचारतील. यजमान पूर्वाभिमुख बसतो, ते सांभाळू. पण आग्नेय कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि सिलिंडर असेल तर तिथे कुंड मांडायला मी नकार देतो. होम हॉलमध्ये होईल, आणि तेवढा वेळ सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा कॉक बंद राहील.

खिडक्या सगळ्या उघडायच्या का? पंखा, एसी?

सगळ्या उघडल्या तर वारा चारी बाजूंनी येतो, ज्वाळा डोलते आणि धूर घरभर फिरतो. हवेला एक वाट हवी, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. ती वाट शोधायला मी एक उदबत्ती वापरतो. होमाच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला ती लावायची आणि जिथे कुंड ठेवणार तिथे जमिनीपासून दोन फुटांवर धरायची. धूर कोणत्या खिडकीकडे झुकतो ते दोन मिनिटं नुसतं बघायचं. ती खिडकी बाहेर जाण्याची वाट, तिच्या समोरची आत येण्याची. कुंड बाहेरच्या खिडकीच्या जवळ ठेवायचं, म्हणजे धूर सगळी खोली ओलांडत नाही. पण झुळुकीच्या थेट रेषेत नको, हातभर बाजूला.

वारा अजिबात नसेल तर बाहेर जाण्याच्या खिडकीत स्टँडचा पंखा ठेवा, तोंड बाहेर करून. तो धूर ओढून बाहेर टाकतो. तोंड आत केलं तर तोच पंखा निखारे उडवतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्टही चालू ठेवा, पण त्याला हवा मिळायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तो नुसता घुरघुरतो. स्वयंपाकघरातल्या चिमणीवर विसंबू नका. बऱ्याच चिमण्यांना बाहेर जाणारा पाइपच नसतो, त्या हवा गाळून परत खोलीत सोडतात.

छताचा पंखा पूर्ण बंद. धूर गरम असतो तोवर छताखाली थर करून राहतो आणि खिडकीच्या वरच्या भागातून निघून जातो. पंखा लावला की तो थर मोडून नाकापर्यंत खाली येतो. एसीचं तर नावच काढू नका. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा फिरवून गार करतो. एसीसाठी खिडक्या लावून होम केला तर धूर तर राहतोच, त्यासोबत वास नसलेला, डोळ्यांना न जाणवणारा कार्बन मोनॉक्साइडही साचतो. डोकं जड होणं आणि मळमळणं ही त्याची पहिली खूण. मंडळी त्याला उपास किंवा उकाडा समजतात. एकाहून जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं तर सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत जायचं, मंत्र थांबले तरी चालतील.

एक खिडकी सगळे विसरतात, ती म्हणजे मुख्य दरवाजा. तो बंदच ठेवायचा. का, ते डिटेक्टरच्या उत्तरात.

समिधा कोणत्या आणि किती?

नवग्रहांच्या समिधा ठरलेल्या आहेत : रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी, दूर्वा आणि दर्भ. त्या मोजक्याच लागतात. अग्नी टिकवणारं मुख्य लाकूड बहुधा आंब्याचं असतं. समिधेचं जुनं माप अंगठ्याएवढी जाड आणि प्रादेशभर लांब, म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर होतं तेवढं. फ्लॅटसाठी याहून चांगलं माप मला सुचलेलं नाही. बारीक लाकूड चटकन पेटतं, आतपर्यंत जळतं आणि धूर कमी देतं. वखारीतून मनगटाएवढे ओंडके आणले तर ते बाहेरून काळे होतात आणि आतून धुमसत राहतात.

कोरडेपणा महत्त्वाचा. दोन काटक्या एकमेकींवर आपटा. कोरड्या टणक वाजतात, ओल्या मंद. वाकवल्यावर कडकन मोडली पाहिजे, साल सोलवटून लोंबायला नको. पावसाळ्यात दुकानातल्या समिधा बाहेरून सुक्या दिसल्या तरी आत दमट असतात. चार दिवस आधी आणा आणि पंख्याखाली पसरून ठेवा. रुईचा चीक डोळ्यांना लागू देऊ नका.

गोवऱ्या एक-दोन पुरेत, त्याही कडक वाळलेल्या. प्लायवूडचे तुकडे, जुन्या खिडकीची रंगवलेली चौकट, खोक्याच्या फळ्या हे कुंडात घालू नका. जुना रंग आणि डिंक जळून निघणारा धूर विषारी असतो. कण्हेरीची काटकीही चुकून येऊ देऊ नका.

तयार हवन सामग्रीचं पाकीट चालेल का?

चालेल, पण आधी पाकीट उघडून वास घ्या. अत्तरासारखा उग्र वास असेल तर ती चमचाभरच वापरा किंवा बाजूला ठेवा. तीळ, जव, तांदूळ, गूळ, थोडा गुग्गुळ एवढं घरी मिसळलं तरी काम होतं. सामग्री चिमटीने घाला. मुठीने घातली की अग्नी झाकला जातो, ज्वाळा बसते आणि लगेच पांढरा धूर उठतो. मिरी किंवा मिरच्या बंद खोलीत नकोतच, पहिल्या दोन आहुतींतच सगळं घर खोकायला लागतं.

कापूर पेटवायला दोन वड्या पुरेत, आधी काटक्यांखाली ठेवलेल्या. पेटत्या कुंडावर डबी उपडी करू नका. मी एकदा एका उत्साही काकांना तसं करताना पाहिलंय. ज्वाळा डबीपर्यंत चढली आणि काकांच्या भुवया गेल्या. रॉकेल, स्पिरिट, सॅनिटायझर यांबद्दल लिहायची गरज नसावी, पण लोक वापरतात. वापरू नका.

तूप किती लागेल? दुकानदार दोन किलो सांगतो.

दुकानदाराचं चूक नाही, मोठ्या मंडपातल्या होमाला तेवढं लागतं. फ्लॅटसाठी हिशेब आपणच करायचा.

आधी पळी मोजा. घरातली नेहमीची पूजेची पळी भरून दहा वेळा वाटीत तूप ओता आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पन्नास ग्रॅमच्या आसपास भरलं तर एका पळीत पाच ग्रॅम जातात. आता अर्धी पळी भरून परत मोजा. माझ्या लाकडी स्रुवेत दीड ते दोन ग्रॅम तूप मावतं, म्हणून मी तीच वापरतो. भरल्या पळीने १०८ आहुती दिल्या तर अर्धा किलो तूप जळतं. छोट्या स्रुवेने त्याच आहुत्या दोनशे ग्रॅममध्ये होतात. मंत्र तेवढेच म्हटले जातात.

दुसरा प्रश्न आहुत्यांच्या संख्येचा. ग्रहांच्या होमात प्रत्येकाला १०८ किंवा २८ आहुती असा पर्याय याज्ञवल्क्य स्मृतीनेच दिलाय, आणि व्यवहारात आठही देतात. नऊ ग्रहांना प्रत्येकी १०८ म्हटलं तर ९७२ होतात. फ्लॅटमध्ये तेवढा वेळ आग चालवणं मला पटत नाही. प्रत्येकी आठने ७२ होतात. गुरुजींशी हे आधीच बोला. संख्या कमी केली म्हणून कर्म उणं पडलं असं कोणी म्हणालं तर वरच्या स्मृतीचा हवाला द्या.

तूप लाकडापेक्षा वेगळं का वागतं, तेही बघा. वजनाला वजन धरलं तर तुपात लाकडाच्या दुपटीहून जास्त उष्णता असते, आणि ती हळूहळू न निघता काही सेकंदांत निघते. बारा इंची कुंडातली ज्वाळा एरवी कुंडाच्या वर वीतभर असते. भरली पळी पडली की ती क्षणभर दुप्पट उंच होते. दोन पळ्या पाठोपाठ पडल्या की त्याहून वर जाते. म्हणून आहुती देताना आधीची ज्वाळा खाली बसल्यावरच पुढची. मी मंत्राची गती त्यावरच ठेवतो, आणि यजमान-यजमानीण दोघंही तूप घालणार असतील तर आळीपाळीने घालायला लावतो.

तुपाचं भांडं कुंडापासून दोन-अडीच फुटांवर, यजमानाच्या उजव्या हाताला, पण पदर किंवा उपरण्याचा धक्का लागणार नाही असं ठेवा. त्यात एका वेळी शंभर ग्रॅमच ओता, बाकीचं स्वयंपाकघरात राहू द्या. लोणी अर्धवट कढवलेलं असेल तर त्यातल्या पाण्याने तडतड उडते, म्हणून नीट कढवलेलं तूपच हवं. डब्यावर ‘फक्त पूजेसाठी’ असं छापलेलं स्वस्त तूप मी घेत नाही. त्यात काय असतं ते डब्यावर वाचा, मग तुमचं तुम्ही ठरवा.

धूर फार होतोय. तूप वाढवू का?

धुराचा रंग बघून ठरवा. पांढरा-राखाडी, जड, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे लाकूड तापलंय पण पेटलेलं नाही. लाकडातून निघणारा वायू न जळताच वर चाललाय. इथे तूप घातलं तर ते गार लाकडावर पसरतं, आणखी धूर देतं आणि मग अचानक सगळं एकदम भडकतं. त्याऐवजी सामग्री थांबवा, चिमट्याने काटक्या थोड्या उचलून खालून हवा जाऊ द्या आणि दोन-तीन सुक्या बारीक काटक्या घाला. मिनिटभरात ज्वाळा येते आणि धूर आपोआप कमी होतो.

काळा धूर आणि वर काजळीचे तंतू उडत असतील तर तूप जास्त झालंय. नुसतं थांबा. पीओपीच्या छतावर काळा गोल उमटलाय अशी घरं मी नंतर पाहिली आहेत, ती सगळी या दुसऱ्या प्रकारातली.

स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधू का?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं खोलात जातो.

इमारतींमध्ये साधारण दोन प्रकारचे डिटेक्टर दिसतात. पहिला धुराचा. त्याच्या आत छोट्या पोकळीत प्रकाशाचा किरण असतो. धुराचे कण आत आले की प्रकाश विखुरतो आणि अलार्म होतो. कण होमाचे की जळत्या सोफ्याचे हे त्याला कळत नाही. वाफ आणि बांधकामाची धूळही त्याला फसवते. दुसरा उष्णतेचा, तो बहुधा स्वयंपाकघरात असतो. तो धुराला दाद देत नाही, ठराविक तापमान झालं किंवा तापमान झपाट्याने चढलं तरच वाजतो.

नव्या टॉवरमध्ये हे सगळे तळमजल्यावरच्या पॅनेलला जोडलेले असतात. पिशवी बांधली तर तुमचा डिटेक्टर आंधळा होतो आणि हे पॅनेलला कळत नाही. होम संपतो, जेवणं होतात, पिशवी तिथेच राहते. एका घरी मी सहा महिन्यांनी सत्यनारायणाला गेलो तेव्हा वास्तुशांतीची पिशवी वर तशीच होती. डिटेक्टरचं डोकं फिरवून काढलं तर पॅनेलवर बिघाड दिसतो आणि वॉचमन धावत वर येतो.

योग्य वाट अशी. दोन दिवस आधी सोसायटीच्या कार्यालयात तारीख, वेळ आणि फ्लॅट नंबर लिहून द्या. पॅनेल सांभाळणारा माणूस तुमच्या हॉलचा तेवढाच डिटेक्टर पॅनेलवरून तात्पुरता बंद करू शकतो. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये एकच डिटेक्टर वेगळा काढता येत नाही, पूर्ण झोन बंद होतो. तसं असेल तर त्या मजल्यावर तेवढा वेळ वॉचमन उभा हवा. बंद केल्याची आणि पुन्हा चालू केल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहून घ्या. पुन्हा चालू झाल्यावर पॅनेलवर तुमचा फ्लॅट ‘नॉर्मल’ दिसतोय का ते स्वतः जाऊन बघा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ही यंत्रणा चालू ठेवणं मालकाची आणि रहिवाशांची जबाबदारी आहे. परस्पर छेडछाड केली तर दोष तुमच्या नावावर येतो.

आता मुख्य दरवाजा. चार वर्षांपूर्वी एका चौदाव्या मजल्यावर आम्ही हॉलचा डिटेक्टर नीट बंद करून घेतला होता. पूर्णाहुतीच्या आधी पाहुणे यायला लागले आणि कोणीतरी चपलांचा त्रास नको म्हणून दार सताड उघडं ठेवलं. लॉबीतला डिटेक्टर चालूच होता, तो कोणी धरलाच नव्हता. भोंगा वाजला, लिफ्ट आपोआप तळमजल्याला जाऊन थांबल्या आणि पूर्ण इमारत जिन्याने खाली उतरली. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजीही होत्या. यजमान दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर पेढे घेऊन माफी मागत फिरले. तेव्हापासून मी दाराशी एक मुलगा बसवतो. पाहुणा आला की दार उघडायचं, आत घ्यायचं, लावायचं.

आणि स्प्रिंकलर?

तो धुराने उडत नाही, उष्णतेने उडतो. त्याच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते. आतला द्रव लाल असेल तर साधारण ६८ अंश सेल्सिअसला ती फुटते. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुटत नाहीत, तापलेला तेवढा एकच सुटतो. पण तो एकटाही मिनिटाला साठ लिटर किंवा जास्त पाणी सोडतो आणि खालचा व्हॉल्व बंद होईपर्यंत थांबत नाही. त्याच्यावर फडकं बांधू नका, हार तर अजिबात लटकवू नका. कुंड त्याच्यापासून दूर ठेवा, आणि तेवढी जागाच नसेल तर होम क्लब हाउसच्या मोकळ्या गच्चीवर करा.

एखादं पूर्ण उदाहरण द्याल का?

गेल्या वैशाखातलं घ्या. अकरावा मजला, टू बीएचके, हॉल दहा बाय सोळा फूट. पश्चिमेला बाल्कनीचं सरकतं दार, पूर्वेला स्वयंपाकघराची खिडकी. दुपारी तिथे पश्चिमेचा वारा जोरात सुटतो आणि धूर आत ढकलतो, म्हणून मुहूर्त सकाळचा घेतला आणि अग्निस्थापना साडेआठला केली. आदल्या सकाळी उदबत्तीने पाहिलं तेव्हा धूर बाल्कनीकडे जात होता. कुंड बाल्कनीच्या दारापासून चार फूट आत, पंख्यापासून बाजूला मांडलं. बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे आणि दोरी काढली.

लाकूड वजन करून घेतलं, दीड किलो. निम्मं सुरुवातीला, उरलेलं दोन-दोन काटक्या करत. ग्रहांच्या ७२, मुख्य देवतेच्या २८ आणि इतर धरून दीडशेच्या आसपास तुपाच्या आहुती, प्रत्येकी दीड ग्रॅम. ते झालं सव्वादोनशे ग्रॅम. पूर्णाहुतीला पन्नास. तीनशे ग्रॅमची बरणी उघडली होती, थोडं उरलं. हॉलचा डिटेक्टर आठ ते साडेअकरा बंद होता, वेळा रजिस्टरमध्ये लिहिलेल्या. मधे एकदा पांढरा धूर झाला, कारण यजमानांच्या भाच्याने ओंजळभर तीळ टाकले. दोन काटक्या उचलल्या आणि तो गेला. पावणेदहाला पूर्णाहुती झाली.

पूर्णाहुतीचा नारळ फुटतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. अख्खा बंद नारळ आगीत गेला की आतलं पाणी उकळतं आणि वाफेला वाट नसते. करवंटीचे तुकडे निखाऱ्यांसकट उडू शकतात. म्हणून मी सुकं खोबरं, म्हणजे खोबऱ्याचा गोटा घेतो आणि त्याला वरून भोक पाडून तूप भरतो. वाटी घेतली तरी चालते. अख्खाच हवा असेल तर आधी तीनही डोळे खिळ्याने आरपार उघडायचे आणि पाणी काढून टाकायचं. पूर्णाहुतीला घरातले सगळे एकदम पुढे येतात आणि प्रत्येकाला पळीभर तूप घालायचं असतं. त्या वेळी ज्वाळा तीन फुटांपर्यंत जाऊ शकते. सगळ्यांनी हात लावायचा, तूप एकानेच घालायचं.

कपडे कोणते?

खरं रेशीम, सुती किंवा लोकर. दुकानात ‘सिल्क’ म्हणून मिळणारं पितांबर बहुतेकदा पॉलिएस्टर असतं. ठिणगी लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. एक धागा काढून जाळून बघा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. पदर खोचलेला, उपरणं कमरेला बांधलेलं, मोकळे केस वर.

आग वाढली तर?

पाणी ओतू नका. जळत्या तुपावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती तुपाचे पेटते थेंब उडवते. कुंडापेक्षा मोठी परात हाताशी ठेवा आणि ती बाजूने सरकवत कुंडावर पालथी घाला. हवा तुटली की ज्वाळा बसते. शेजारी कोरड्या वाळूची बादली आणि एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक हवं. ते दोन मीटरवरून मारायचं, जवळून मारलं तर जोराने निखारेच उडतात. पाण्याची कळशीही ठेवा, पण ती कपड्याला आग लागली तर. आग कुंडाबाहेर पडदा किंवा सोफ्याला लागली आणि लगेच आटोक्यात आली नाही तर सगळ्यांनी बाहेर पडून दार लावून घ्यायचं आणि १०१ लावायचा.

दमा असलेले आजोबा, बाळ?

वाऱ्याच्या येणाऱ्या बाजूच्या खोलीत, दार लावून, खिडकी उघडी ठेवून. संकल्पाला आणि पूर्णाहुतीला क्षणभर आले तरी पुरे. पिंजऱ्यातले पक्षी त्या दिवशी शेजारी पाठवा, त्यांना धूर माणसापेक्षा लवकर बाधतो.

आम्ही परदेशात अपार्टमेंटमध्ये राहतो. तिथे?

भाडेकराराचा कागद आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी उघड्या आगीला मनाईच असते आणि लाकडी बांधकामात ती बरोबरच आहे. मग मंदिराच्या किंवा महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात होम करा आणि घरी पूजा. थंडीत खिडक्या बंद ठेवून होम करायचा विचार तर सोडूनच द्या.

होम झाल्यावर निखाऱ्यांचं काय करायचं?

इथे सगळे चुकतात. ज्वाळा गेली, राख पांढरी झाली, म्हणून विझलं असं वाटतं. राखेखाली निखारा दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत राहू शकतो. ज्वाळा नसताना धुमसणारा निखाराच कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडतो. आणि नेमकं तेव्हा जेवणं उरकलेली असतात, उकडत असतं, कोणीतरी खिडक्या लावून एसी सुरू करतं. म्हणून निखारे आहेत तोवर बाल्कनीचं दार उघडं आणि एसी बंद. कुंड तसंच उचलून हलवू नका. घरभर धूप द्यायचा असेल तर एकच छोटा निखारा धुपाटण्यात घ्या, आणि तेही खिडकी उघडी असलेल्या खोल्यांतून फिरवा. रात्री झोपायच्या खोलीत काही ठेवू नका.

घाई असेल तर विसर्जनानंतर वाळू पसरून झाका, वर परात पालथी घाला आणि दुसऱ्या दिवशी बघा. हाताचा तळवा राखेच्या वर वीतभर अंतरावर धरा, ऊब लागली तर अजून एक दिवस. गार झाल्यावर राख स्टीलच्या डब्यात काढा. प्लास्टिकच्या कचऱ्याच्या बादलीत, कागदी पिशवीत किंवा बाल्कनीतल्या सुक्या पानांच्या कुंडीत ती पहिल्या दिवशी टाकायची नाही. अंगाऱ्यापुरती चिमूटभर बाजूला ठेवून उरलेली चाळून कुंड्यांतल्या मातीत थोडी थोडी मिसळा, आणि चाळणीत राहिलेले कोळशाचे तुकडे पाण्यात बुडवून मगच टाका.